माकडांकडून येणारा मलेरिया आणि काचेवरची फसगत: नोलेसीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लाझमोडियम नोलेसी म्हणजे नेमका कुठला मलेरिया?

मुंबईकराला मलेरिया दोनच माहीत असतात, व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपेरम. आपल्याकडच्या लॅबमध्ये रोज दिसतात तेही हेच दोन. मलेरी आणि ओव्हेल हे आणखी दोन पुस्तकात असतात, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलेल्या रक्ताच्या काचेवर क्वचित. नोलेसी हा या चौघांच्या पलीकडचा. तो मूळचा माकडांचा जंतू आहे. आग्नेय आशियातल्या जंगलात लांब शेपटीच्या आणि डुकरासारख्या आखूड शेपटीच्या मकाक माकडांत तो वस्तीला असतो. तिथले काही डास माकडाचं रक्त पितात, माणसाचंही पितात, आणि त्यांच्यामार्फत तो माणसात उतरतो.

हा आजार नवा आहे का?

आजार जुना, ओळख नवी. 1931-32 च्या सुमारास सिंगापूरहून कोलकात्यात आणलेल्या एका माकडाच्या रक्तात हा जंतू दिसला. तिथल्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रॉबर्ट नोल्स आणि बिरज मोहन दासगुप्ता यांनी त्यावर काम केलं आणि तो माणसालाही लागू शकतो हे प्रयोगाने दाखवलं. नोल्सवरूनच त्याचं नाव पडलं. तेव्हाच आणखी एक गोष्ट लक्षात आली होती: लांब शेपटीचं माकड हा जंतू सहज पेलतं, पण तोच जंतू आपल्या उत्तरेकडच्या लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडाला दिला की ते मरतं.

माणसाला निसर्गात, डास चावून झालेली पहिली नोंद 1965 ची. मलेशियातल्या पहांगच्या जंगलात काम करून परतलेला एक अमेरिकन सर्वेक्षक होता. त्याच्या काचेवर आधी फाल्सिपेरम वाचला गेला, मग मलेरी. त्याचं रक्त ऱ्हीसस माकडांना दिल्यावर खरा जंतू कळला. म्हणजे सूक्ष्मदर्शकाची फसगत पहिल्याच रुग्णापासून चालत आली आहे.

त्यानंतर बरीच वर्षं हा अपवाद मानला गेला. 2004 साली बालबीर सिंग आणि जॅनेट कॉक्स-सिंग यांच्या गटाने बोर्निओतल्या सारावाकमधल्या कापित भागातल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा चित्र पालटलं. तिथे मलेरीचे रुग्ण भरपूर नोंदले जात होते, पण ते नेहमीच्या मलेरीसारखे वागत नव्हते. बहुतेक प्रौढ माणसं, रक्तात जंतू जास्त, चांगलीच आजारी. जंतूची जनुकं ओळखणारी पीसीआर चाचणी केल्यावर 208 पैकी 120 जणांत नोलेसी निघाला. काचेवर त्यातल्या बहुतेकांवर मलेरीचाच शिक्का होता.

माकड चावलं, ओरबाडलं तर होतो का?

नाही. माकड चावलं तर रेबीजची लस आणि जखमेची काळजी, तो वेगळा विषय. मलेरियाला मधे डास लागतो, तोही ठरावीक. नोलेसी पसरवणारे ॲनोफिलिस डास ल्युकोस्फायरस नावाच्या गटातले आहेत, जंगलात आणि जंगलाच्या कडेला राहणारे. बोर्निओत लॅटेन्स आणि बालाबासेन्सिस ही त्यांतली नावं. ते बहुधा तिन्हीसांजेनंतर, घराबाहेर चावतात. झोपताना लावलेली मच्छरदाणी म्हणूनच तिथे अर्धवट कामाची ठरते. संध्याकाळी सात वाजता कोण मच्छरदाणीत बसतं?

नॅशनल पार्कातल्या, घारापुरीच्या माकडांची भीती बाळगायची का?

या कारणासाठी तरी नको. आपल्याकडची माकडं टोपी माकड आणि ऱ्हीसस या जातींची. नोलेसीचे नेहमीचे यजमान त्या दोघांत येत नाहीत. मुंबईत मलेरिया पसरवणारा डास ॲनोफिलिस स्टेफेन्सी. तो गच्चीवरच्या टाकीत आणि बांधकामाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो, ल्युकोस्फायरस गटात मोडत नाही. प्रयोगशाळेत स्टेफेन्सीला नोलेसी लागू शकतो, पण पिंजऱ्यात जमतं ते गच्चीवर घडतंच असं नाही.

भारतात मात्र हा जंतू अगदीच परका नाही. अंदमान-निकोबारमधल्या रुग्णांच्या नमुन्यांत पीसीआरने नोलेसी मिळाल्याचं 2013 मध्ये प्रसिद्ध झालं आहे. निकोबारमध्ये लांब शेपटीची माकडंही आहेत.

मग मुंबईत हा प्रश्न कोणाचा?

प्रवास करून आलेल्यांचा. मलेशियातल्या सबाह-सारावाकमध्ये पामच्या मळ्यांवर, रस्त्यांच्या आणि धरणांच्या कामांवर जाणारे इंजिनिअर, सर्व्हेअर, जहाजांवरचे लोक, जंगलात तंबू ठोकणारे ट्रेकर, पक्षी बघायला जाणारी मंडळी. थायलंड, फिलिपिन्स, इंडोनेशिया, व्हिएतनाम इथेही तो आहे. क्वालालंपूरला मॉलमध्ये फिरून आलेल्या कुटुंबाचा हा प्रश्न नाही.

मलेशियात 2018 पासून माणसाकडून माणसात पसरणारा स्थानिक मलेरिया शून्यावर आहे, आणि तरीही रुग्ण आहेत. ते आता जवळपास सगळे नोलेसीचेच. तिथून आलेल्या माणसाला मलेरिया निघाला आणि तो त्याला तिथेच झाला असेल, तर पहिला संशय नोलेसीवरच हवा. काच काहीही म्हणो.

काचेवर नेमकं काय दिसतं, आणि तंत्रज्ञ चुकतो कुठे?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळी गोम इथेच आहे.

बोटाच्या थेंबापासून दोन लेप करतात. जाड लेपात तांबड्या पेशी फोडून टाकतात, त्यामुळे थोडे जंतूही सापडतात आणि मोजताही येतात. पातळ लेपात पेशी शाबूत राहतात आणि जंतू कुठल्या जातीचा ते पेशीच्या आत त्याचा आकार बघून ठरवतात. शंभरच्या भिंगाखाली, तेलाचा थेंब टाकून.

जंतू पेशीत शिरला की आधी कोवळी रिंग दिसते: निळसर कडी आणि तिच्यावर लाल ठिपका. नोलेसीच्या कोवळ्या रिंग बारीक असतात. काहींवर दोन ठिपके, कधी एकाच पेशीत दोन-तीन रिंग, काही पेशीच्या कडेला चिकटलेल्या. फाल्सिपेरम ओळखायला आपण हीच लक्षणं शिकवतो. त्यामुळे ज्या वेळी रक्तात मुख्यतः कोवळे जंतू असतील, त्या वेळची काच फाल्सिपेरमसारखी दिसते.

काही तासांनी तेच जंतू वाढतात. आता ते दाट होतात, त्यांच्यात गडद तपकिरी रंगद्रव्य साचतं, आणि काही पेशींमध्ये ते आडव्या पट्ट्यासारखे ताणलेले दिसतात. तांबडी पेशी फुगत नाही. हा पट्टा म्हणजे मलेरीची ओळख म्हणून प्रत्येक पुस्तकात छापलेलं चित्र. काचेवर बँड दिसला की तंत्रज्ञाचा हात आपोआप ‘मलेरी’ लिहायला जातो. त्याला दोष देता येत नाही, त्याने शिकवलेलं तेच केलं.

शेवटी जंतूचे तुकडे पडतात, तो शायझॉन्ट. मलेरीत साधारण सहा ते बारा तुकडे, बहुधा आठ, गोलाकार मांडलेले. नोलेसीत सोळापर्यंत. काचेवर सोळा तुकड्यांचा शायझॉन्ट स्पष्ट सापडला तर मलेरी बाद करायला तो चांगला पुरावा आहे. पण अशा पक्व पेशी काचेवर थोड्याच असतात, आणि त्यातही तुकडे एकमेकांवर चढलेले असले तर मोजणी डळमळते. आठ दिसले म्हणून मलेरीच असंही म्हणता येत नाही, कारण अर्धवट पिकलेल्या नोलेसीतही आठ दिसू शकतात.

यात भर पडते ती रक्त शिळं होण्याची. जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीत रक्त काही तास पडून राहिलं की जंतूंचा आकार बिघडतो. कलेक्शन सेंटरवरून दुपारी निघालेली नळी रात्री मुख्य लॅबला पोचते, मग काच होते. त्या काचेवर जातीचा निकाल देणं म्हणजे अंदाजपंचे.

एवढा आकार सारखा, म्हणजे नोलेसी मलेरीचा भाऊबंद असणार?

गंमत इथेच आहे. जनुकांच्या हिशेबाने नोलेसी व्हायव्हॅक्सच्या जवळचा आहे. दिसायला मलेरी, नात्याने व्हायव्हॅक्स. पुढे झटपट चाचणीच्या किटमध्ये आणि पीसीआरमध्ये जो घोळ होतो तो या नात्यामुळे.

‘मलेरी’ लिहिलं गेलं तर असं काय बिघडतं? मलेरियाच तर आहे!

बिघडतं ते घड्याळामुळे. मलेरीचं एक चक्र 72 तासांचं. तीन दिवसांतून एकदा पेशी फुटतात आणि जंतू वाढतात. तो संथ आजार आहे. रक्तात जंतूंची संख्या सहसा कमीच राहते आणि रुग्ण दगावण्याची भीती फार कमी. डॉक्टरच्या मनात मलेरी म्हणजे ‘गोळ्या द्या, घरी पाठवा’.

नोलेसीचं चक्र 24 तासांचं. माणसाला होणाऱ्या मलेरियांत सर्वांत छोटं. मलेरीची एक पिढी होईपर्यंत नोलेसीच्या तीन होतात. काचेवरचा पट्टा दोघांचा सारखाच, पण एकाकडे वाट बघायला वेळ आहे आणि दुसऱ्याकडे नाही. बोर्निओत नोलेसीने दगावलेल्या रुग्णांचा अहवाल 2008 मध्ये आला, त्यातही आधीचं निदान मलेरीचं होतं. मूत्रपिंड बसणं, कावीळ, श्वास लागणं, रक्तदाब पडणं ही त्याची बिकट रूपं. बेशुद्धी मात्र फाल्सिपेरमसारखी नेहमी दिसत नाही, त्यामुळे माणूस शुद्धीवर आणि बोलता आहे यावर विसंबू नये.

फाल्सिपेरम समजलं तर त्या मानाने सोय असते. आर्टेमिसिनिनची संयुक्त औषधं दिली जातात, ती नोलेसीवर उत्तम चालतात. म्हणून मी म्हणतो की चुकांमध्येही चूक असते, आणि मलेरीची चूक सर्वांत महाग.

एखादी केस तपशिलात सांगाल?

सांगतो. ही कुणा एकाची नाही, गोष्टी ज्या रीतीने घडतात त्यावरून उभी केली आहे.

भांडुपचा चाळिशीतला साइट इंजिनिअर. सबाहमध्ये रस्त्याच्या कामावर दोन महिने होता, मुक्काम जंगलालगतच्या कंटेनरमध्ये. घरी परतल्यावर चौथ्या दिवशी ताप, कणकण, डोकेदुखी. रोज ताप येतो, दिवसाआड नाही, म्हणून घरच्यांनी डेंग्यू धरला. प्लेटलेट 38,000 आल्यावर तर खात्रीच झाली. डेंग्यूची चाचणी निगेटिव्ह आली. डॉक्टरांनी मलेरिया बघायला सांगितला.

किटवर फाल्सिपेरमची रेघ नाही, व्हायव्हॅक्सची अगदी फिकी रेघ. काच बघणारा तंत्रज्ञ म्हणाला, “मॅडम, रिंग आहेत, बँडही आहेत. पेशी फुगलेल्या नाहीत. मलेरी लिहू?”

पॅथॉलॉजिस्ट बाईंनी उत्तर देण्याआधी फॉर्म बघितला. प्रवासाच्या रकान्यात काही नव्हतं. त्यांनी घरी फोन लावला, तेव्हा सबाह कळलं. मग त्यांनी जाड लेपावर मोजणी करायला लावली. 200 पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत 420 जंतू मिळाले. रुग्णाच्या पांढऱ्या पेशी त्याच दिवशीच्या सीबीसीत 5,600 होत्या. 420 भागिले 200 म्हणजे 2.1, गुणिले 5,600 म्हणजे 11,760. एका मायक्रोलिटर रक्तात जवळपास 11,800 जंतू. मलेरी सहसा 5,000 च्या वर जात नाही.

आता चार गोष्टी एकत्र आल्या. आकार मलेरीचा, किट व्हायव्हॅक्सकडे बोट दाखवतंय, संख्या मलेरीला न शोभणारी, आणि माणूस सबाहहून आलेला. व्हायव्हॅक्स असता तर पेशी फुगायला हव्या होत्या. फाल्सिपेरम असता तर किटवर त्याची रेघ यायला हवी होती, आणि बाहेरच्या रक्तात इतके पिकलेले जंतू सहसा दिसत नाहीत. रिपोर्टवर त्यांनी लिहिलं: ‘मलेरीसारखे जंतू, संख्या आणि प्रवास पाहता प्लाझमोडियम नोलेसीचा दाट संशय, त्याप्रमाणे उपचार करावेत, पीसीआरसाठी नमुना राखला आहे.’ आणि डॉक्टरांना फोन केला, कारण रिपोर्ट व्हॉट्सॲपवर जातो आणि सकाळपर्यंत कुणी उघडत नाही.

रुग्ण त्याच रात्री दाखल झाला. कावीळ सांगणारं बिलिरुबिन 2.1, मूत्रपिंडाचं काम सांगणारं क्रिॲटिनिन 1.4. तीव्र मलेरियाच्या व्याख्येत बसत नव्हता, पण सबाहमधल्या अभ्यासांतून 15,000 च्या वर धोका स्पष्ट वाढतो असं दिसलं आहे, आणि रोज वाढणाऱ्या जंतूला 11,800 वरून तिथे जायला वेळ लागत नाही. आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन हे संयुक्त औषध लगेच सुरू झालं. रोज एक काच, रोज मोजणी. तिसऱ्या दिवशी काच साफ, प्लेटलेट चढायला लागल्या. पीसीआरचा निकाल त्यानंतर आला: नोलेसी.

इथे मला पीसीआरपेक्षा फोन महत्त्वाचा वाटतो. पीसीआर नसता तरी उपचार बदलले नसते. फोन झाला नसता तर बदलले असते.

रॅपिड किट निगेटिव्ह असेल तर सुटलो का?

नाही. आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं दोन रेघांचं किट फाल्सिपेरमसाठी एचआरपी-2 नावाचं प्रथिन शोधतं. नोलेसी ते बनवतच नाही. दुसरी रेघ व्हायव्हॅक्सच्या एलडीएच एन्झाइमची. नातं जवळचं असल्याने नोलेसी कधी कधी त्या रेघेवर उमटतो, आणि रिपोर्टवर बिनदिक्कत ‘व्हायव्हॅक्स पॉझिटिव्ह’ छापलं जातं. जंतू कमी असतील तर काहीच उमटत नाही. किटवर नोलेसीची वेगळी रेघ नसते.

किट व्हायव्हॅक्स म्हणतंय आणि काच मलेरी म्हणतेय, अशी तफावत आली तर त्यातलं एक चूक ठरवून मोकळं होऊ नका. दोन्ही मिळून काहीतरी तिसरं सांगत असतील.

मग सरळ पीसीआरच का करत नाहीत?

करावा, पण काय मागतोय ते ठाऊक असावं. अनेक मलेरिया पीसीआर पॅनेल फक्त फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स बघतात. अशा पॅनेलवर नोलेसीचा नमुना ‘प्लाझमोडियम आहे, जात कळत नाही’ असा येईल किंवा चक्क निगेटिव्ह येईल. लॅबला विचारायचा प्रश्न हा: तुमच्या चाचणीत नोलेसी आहे का?

उलट बाजूही आहे. नोलेसीसाठी सुरुवातीला वापरात आलेले प्रायमर काही व्हायव्हॅक्स नमुन्यांनाही चिकटतात असं पुढे दिसलं. मुंबईसारख्या व्हायव्हॅक्सच्या गावात, कधी परदेशी न गेलेल्या माणसाचा नोलेसी पॉझिटिव्ह आला, तर आधी चाचणीवर शंका घ्यावी आणि जनुकाचा क्रम वाचून खात्री करावी.

नमुना औषधाच्या पहिल्या डोसआधीचा हवा. उपचार मात्र निकालासाठी थांबवायचे नाहीत.

औषधं वेगळी असतात का? परत उलटतो का?

साध्या आजारात आर्टेमिसिनिनची संयुक्त औषधं, तीव्र असेल तर शिरेतून आर्टेसुनेट. क्लोरोक्विननेही नोलेसी जातो, पण जंतू हटायला जास्त वेळ लागतो. संयुक्त औषधांचा फायदा असा की जातीबद्दल शंका उरली तरी फाल्सिपेरमही झाकला जातो.

नोलेसी यकृतात दडी मारून बसत नाही, त्यामुळे व्हायव्हॅक्ससारखा महिन्यांनी उलटत नाही. व्हायव्हॅक्स समजून दिली जाणारी प्रायमाक्विनची चौदा दिवसांची गोळी इथे लागत नाही. ज्याला जी-6-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्याच्या तांबड्या पेशी त्या गोळीने फुटू शकतात, म्हणजे विनाकारण धोका. मात्र जंगलात पुन्हा गेलात तर नव्याने होऊ शकतो.

घरात एकाला झाला तर इतरांना होईल का?

माणूस-डास-माणूस असा प्रसार प्रयोगात घडवता आला आहे. निसर्गात तसा होतो याचा ठाम पुरावा नाही. घरच्यांनी वेगळी ताटं-वाट्या करण्याची गरज नाही. टाकीचं झाकण घट्ट लावा, पण ते एरवीही लावायचंच असतं.

माझ्या रिपोर्टवर ‘मलेरी’ आलंय. काय करू?

आधी डॉक्टरांना प्रवास सांगा, न विचारता. देश पुरेसा नाही. जंगल, मळा, छावणी, कुठल्या तारखेला निघालात, सगळं. मग लॅबकडून दोन गोष्टी मागा: एका मायक्रोलिटरमागे जंतूंची संख्या आणि काच जपून ठेवण्याची हमी. ‘प्लस प्लस’ अशी खूण संख्या म्हणून चालत नाही. मुंबईत मलेरी इतका तुरळक की आग्नेय आशियातून आलेल्याच्या रिपोर्टवर तो शब्द दिसला, तर काच दुसऱ्या अनुभवी माणसाने बघणं रास्तच आहे. लॅबवाल्यांनी त्याचं वाईट वाटून घेऊ नये. दरम्यान लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसले, दम लागला, उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसली, तर पीसीआरची वाट न बघता दाखल व्हा.